अमेरिकेतला नवा नंबर हातात आला की आधी व्हॉइसमेलचा पिन बदला

भारतातून नुकत्याच अमेरिकेत आलेल्या माणसाला व्हॉइसमेल हा प्रकार नवा असतो. आपल्याकडे फोन उचलला नाही तर मिस्ड कॉल दिसतो, मग आपण उलट फोन करतो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो. इथे तसं नाही. दवाखाना, अपार्टमेंटचं ऑफिस, बँक, मुलांची शाळा, सगळेच फोन उचलला नाही की निरोप ठेवून मोकळे होतात. त्या निरोपात तपासणीची तारीख असते, कधी औषधाचं नाव असतं, कधी चावी कुठे ठेवली आहे हेही असतं.

हे निरोप आपल्या फोनमध्ये साठतात असं बहुतेकांना वाटतं. फोनच्या पडद्यावर त्यांची यादी दिसते, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण मूळ निरोप असतो मोबाइल कंपनीकडे, तुमच्या नावाच्या पेटीत. त्या पेटीला जगातल्या कुठल्याही फोनवरून हात घालता येतो. त्यासाठी तुमचा फोन चोरावा लागत नाही, त्याचं लॉक उघडावं लागत नाही. लागतात दोनच गोष्टी : तुमचा नंबर आणि पेटीचा पिन. नंबर तर तुम्ही दहा जणांना दिलेलाच असतो, तेव्हा राहतं एकच कुलूप. आणि काही कंपन्या नवी पेटी देताना त्या कुलपाची किल्ली सगळ्यांची एकाच पद्धतीने ठेवतात : नंबरचे शेवटचे चार आकडे.

गेल्या ऑगस्टमध्ये माझी भाची शिकायला न्यू जर्सीत आली. आल्या दिवशीच तिने सिम घेतलं. इथे उदाहरणासाठी तिचा नंबर 732-555-0147 धरू. आठवड्याने ती एडिसनला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी तिला म्हटलं, "तुझा फोन एअरप्लेन मोडवर टाक आणि टेबलावर ठेव." मग माझ्या फोनवरून तिला फोन लावला. घंटी न वाजता थेट पेटीचं स्वागत सुरू झालं. ते चालू असतानाच मी * दाबलं. पिन मागितला गेला. मी 0147 दाबलं, शेवटी #. पुढच्या क्षणी स्पीकरवर अपार्टमेंटच्या ऑफिसातल्या बाईंचा आवाज आला : तुमची चावी तयार आहे, ऑफिस बंद असेल तर अमुक पेटीतून घ्या, पेटीचा कोड अमुक. भाची माझ्याकडे बघतच राहिली. "अगं मावशी, हा निरोप तर मीसुद्धा अजून ऐकला नव्हता."

एवढंच आहे ते. ना कसलं सॉफ्टवेअर, ना कसली हुशारी.

आधी आपली पेटी तपासा

पिन बदलण्याआधी ही तपासणी करा. आपली पेटी कशी उघडते हे एकदा स्वतःच्या कानाने ऐकलं की पुढचं सगळं सोपं होतं. दुसऱ्या कुणाचा तरी फोन घ्या, घरातला, शेजारच्याचा, कुणाचाही. तुमचा फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे कॉल सरळ पेटीकडे जाईल. दुसऱ्या फोनवरून तुमचा नंबर लावा आणि स्वागताचा आवाज सुरू झाला की * दाबा. Verizon चं कनेक्शन असेल तर * ऐवजी # दाबावं लागतं. पिन मागितला की नंबरचे शेवटचे चार आकडे देऊन बघा. नाही उघडली तर 1234 आणि 0000. तीन वेळा झालं की थांबा, कारण चुकीचे पिन फार झाले तर पेटी काही काळ बंद होऊ शकते.

ही तपासणी फक्त स्वतःच्या नंबरवर करायची, किंवा ज्याचा नंबर आहे तो माणूस शेजारी बसलेला असताना. दुसऱ्याची पेटी त्याच्या परवानगीशिवाय उघडणं हा गुन्हा आहे, गंमत म्हणून केलं तरीही.

"ही पेटी अजून तयार केलेली नाही" असं ऐकू आलं तर निर्धास्त होऊ नका. ती आज ना उद्या तयार करायचीच आहे, आणि तयार करतानाच आपला पिन ठेवता येतो. आयफोनवर फोन अ‍ॅपमध्ये Voicemail उघडून Set Up Now दाबलं की तो आधी पासवर्डच विचारतो. तिथे घाईघाईत 1111 टाकून पुढे जाणारे मी खूप पाहिलेत.

पिन कसा निवडायचा

चार आकड्यांच्या पिनच्या एकूण शक्यता दहा हजार. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण माणसं त्यातल्या मूठभरच वापरतात : जन्माचं वर्ष, लग्नाची तारीख, घराचा नंबर, 2580 कारण कीपॅडवर तो वरून खाली एका रेषेत येतो. अंदाज बांधणारा सुरुवात तिथूनच करतो. त्यामुळे कंपनी सहा किंवा सात आकडे घेत असेल तर तेवढे घ्या. AT&T वर तर लांब पासवर्डच मागितला जातो.

आकडे स्वतः सुचवून घेऊ नका. "काहीतरी वेगळं" म्हणून आपण जे सुचवतो त्यात वाढदिवस हळूच येऊन बसतो. माझी पद्धत साधी आहे. पाकिटातली एक डॉलरची नोट काढायची, तिच्या सीरियल नंबरमध्ये दोन अक्षरांच्या मध्ये आठ आकडे असतात, त्यातले मधले सहा घ्यायचे. वहीत लिहून ठेवायचे, आणि ती नोट त्याच दिवशी भाजीच्या दुकानात खर्च करायची. भाचीला असेच सहा आकडे मिळाले आणि ते तिच्याविषयी काहीच सांगत नव्हते. पिनला एवढंच हवं असतं.

तीन पिन इथे कधीच वापरू नका : एटीएमचा, फोन उघडायचा, आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे. हे चार आकडे अमेरिकेत जिथे तिथे ओळख पटवायला विचारले जातात. ते फोनच्या पेटीवर ठेवणं म्हणजे एकाच किल्लीने दोन दारं उघडी करणं.

आता बदलूया

आयफोन असेल तर काम दोन मिनिटांचं आहे. Settings उघडा, खाली Apps मध्ये जा, Phone निवडा, तिथे Change Voicemail Password दिसेल. जुन्या आयओएसवर Apps ही पायरी नसते, Settings मध्येच थेट Phone असतं. नवे आकडे टाका, पुन्हा तेच टाका, Done. हा पर्याय दिसतच नसेल तर तुमच्या कनेक्शनवर निरोपांची यादी पडद्यावर दाखवणारी सोय चालू नाही असं समजा आणि खालच्या फोनच्या पद्धतीने जा.

अँड्रॉइडवर सगळ्यांची मांडणी सारखी नसते. बहुतेक फोनवर फोन अ‍ॅपमधल्या तीन ठिपक्यांमधून Settings आणि तिथून Voicemail अशी वाट आहे. पिन बदलायचा पर्याय काही फोनवर तिथेच मिळतो, काहींवर मिळत नाही. शोधण्यात दहा मिनिटं घालवू नका. फोनची पद्धत सगळीकडे चालते.

ती अशी : कीपॅडवर 1 बराच वेळ दाबून धरा. Verizon वर *86 लावा. पेटी उघडली की इंग्रजीत एक बाई पर्याय सांगायला लागते, आणि नवीन माणूस गोंधळतो तो इथेच. ती भरभर बोलते, आणि कुठल्या कामाला कुठला आकडा हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. म्हणून आकडे पाठ करण्यापेक्षा शब्दांवर कान ठेवा. आधी नवे निरोप असतील तर ते वाजायला लागतात, त्यातून बाहेर पडून मुख्य यादीत यायचं असतं. मग पर्सनल ऑप्शन्स किंवा मेलबॉक्स सेटिंग्ज असं ऐकू येईल, त्यासाठी सांगितलेला आकडा दाबा. त्याच्या आत पासवर्ड, पासकोड, पिन किंवा सिक्युरिटी यांपैकी एक शब्द येईल, तो घ्या. नवे आकडे टाकून # दाबा, ती परत मागेल, परत टाकून # दाबा. शेवटी बदल झाल्याचं ती बोलून सांगते. ते वाक्य ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका. मधेच कॉल तुटला तर जुनाच पिन कायम राहतो, आणि आपण मात्र बदलला या समजुतीत असतो.

पहिल्या वेळी फोन स्पीकरवर ठेवा आणि कागद-पेन घेऊन बसा. ती बाई म्हणेल ते आकडे लिहीत गेलात की दुसऱ्या फेरीत नेमकं कुठे जायचं ते कळतं.

स्वतःच्या फोनवरूनही पिन मागायला लावा

आपण आपल्याच फोनवरून 1 दाबून पेटी उघडली की बऱ्याचदा पिन मागितलाच जात नाही. सोयीचं वाटतं. पण पेटी तुम्हाला ओळखते ती कशावरून? समोरून आलेल्या नंबरवरून. आणि कॉल करणाऱ्याचा नंबर खोटा दाखवता येतो. कुणी तुमचाच नंबर पुढे करून पेटीला फोन केला, तर पिन कितीही चांगला असला तरी विचारलाच गेला नाही, मग त्याचा उपयोग काय? खोटे नंबर पकडायला २०२१ पासून अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांना कॉलवर तपासणीची खूण लावणं बंधनकारक झालं आहे, पण जुन्या यंत्रणेतून किंवा परदेशातून फिरून येणारा प्रत्येक कॉल त्याने अडतो असं नाही.

म्हणून त्याच पर्सनल ऑप्शन्सच्या आसपास पासवर्ड चालू-बंद करायचा पर्याय शोधा आणि तो चालू ठेवा. यादी पडद्यावर दिसत असेल तर तुमच्या रोजच्या वापरात काही फरक पडत नाही. निरोपावर बोट ठेवलं की तो वाजतो, पिन फक्त फोन करून ऐकताना लागतो.

T-Mobile वर यासाठी कीपॅडवरचे दोन छोटे कोड आहेत. हे दोन्ही ओळखून ठेवा :

```
#793#   पिन परत मूळचा करतो
#796#   पिन मागणं बंद करतो
```

यातला पहिला कोड चालवला की पिन पुन्हा तुमच्या नंबरचे शेवटचे चार आकडे होतो, हे कंपनीच्या मदतीच्या माहितीतच दिलेलं आहे. तो कोड आपण पिन विसरलो तर आत शिरण्यासाठी आहे, आणि त्यानंतर लगेच नवा पिन ठेवायचा असतो. दुसरा कोड "पिनची कटकट नको" म्हणून मित्रमंडळी आवर्जून सांगतात. तो चालवू नका.

बदललेला पिन परत कसा जातो

आमच्या घरात हे प्रत्यक्ष घडलं. पिन बदलल्यावर महिन्याभराने भाचीच्या आयफोनवर पासवर्ड चुकीचा असल्याची सूचना यायला लागली. तिने ग्राहकसेवेला फोन लावला. तिथल्या माणसाने दोन मिनिटांत "दुरुस्त" करून दिलं, सूचना थांबली, ती खूश. रविवारी मी पुन्हा टेबलावर फोन ठेवायला लावला, * दाबलं, 0147 दाबलं, पेटी उघडली. त्याने पिन मूळ पदावर आणून ठेवला होता आणि नवा ठेवायला सांगितलंच नव्हतं.

तेव्हा अशी सूचना आली तर आधी आपले सहा आकडेच तिथे टाका. पुष्कळदा फोनला नवा पिन परत एकदा हवा असतो, एवढंच. ग्राहकसेवेकडे जावंच लागलं, तर फोन ठेवल्याबरोबर पिन बदला आणि दुसऱ्या फोनवरून तपासा. तपासणी दोन्ही बाजूंनी करायची : जुन्या पिनने पेटी उघडू नये आणि नव्याने उघडावी. फक्त नव्याने उघडते का एवढंच पाहिलं तर अर्धंच काम झालं.

नंबर एका कंपनीतून दुसरीकडे नेला की पेटीही नवी मिळते, आणि नव्या पेटीला त्या कंपनीचा मूळ पिन. प्रीपेडवरून पोस्टपेडवर गेलात, कुटुंबाच्या प्लॅनमध्ये नंबर जोडला, तरीही एकदा तपासून घ्या. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि आपण त्यांच्यासाठी तात्पुरतं सिम घेतो, तेव्हा त्यांच्या नंबरवर दवाखान्याचे निरोप आपल्यापेक्षा जास्त येतात. त्या सिमचा पिन विमानतळावरून घरी येताना गाडीतच बदलून टाका.

हे एवढं जपायचं कशासाठी

या सगळ्याची सर्वांत गाजलेली गोष्ट इंग्लंडची आहे. नोव्हेंबर २००५मध्ये न्यूज ऑफ द वर्ल्ड या साप्ताहिकात राजपुत्र विल्यमच्या गुडघ्याच्या दुखापतीची बातमी आली. ती अगदी जवळच्या माणसांनाच ठाऊक होती, म्हणून राजवाड्यातल्या लोकांना शंका आली. चौकशीत निघालं की त्या साप्ताहिकाचा राजघराण्याचा वार्ताहर क्लाइव्ह गुडमन आणि खासगी गुप्तहेर ग्लेन मलकेअर कर्मचाऱ्यांच्या व्हॉइसमेलच्या पेट्या ऐकत होते. जानेवारी २००७मध्ये दोघांनाही तुरुंगवास झाला. पुढे २०११मध्ये, बेपत्ता झालेल्या आणि नंतर खून झाल्याचं उघड झालेल्या मिली डाउलर या मुलीची पेटीही ऐकली गेली होती हे बाहेर आलं. लोक इतके भडकले की १६८ वर्षांचं ते साप्ताहिक त्याच जुलैमध्ये बंद झालं. हा प्रकार करताना एकाने फोन लावून लाइन व्यग्र ठेवायची, दुसऱ्याने त्याच वेळी फोन करून पेटीत उतरायचं, आणि कुणी न बदललेला मूळ पिन दाबायचा, अशीही रीत होती. म्हणजे मी जेवणाच्या टेबलावर केलं, तेच.

आज धोका फक्त निरोप ऐकले जाण्याचा नाही. कितीतरी अ‍ॅप्स पडताळणीचा कोड मेसेजने पाठवतात, आणि तो मिळाला नाही म्हटलं तर फोन करून बोलून सांगतात. तो फोन कुणी उचलला नाही की बोललेला कोड पेटीत जाऊन पडतो. पेटी उघडी असेल तर कोड परक्याच्या हाती, आणि कोडबरोबर खातंही. २०१८मध्ये इस्रायलच्या सरकारी सायबर संस्थेने याच मार्गाने व्हॉट्सअ‍ॅप खाती बळकावली जात असल्याचा इशारा दिला होता. तिथे मूळ पिन 0000 किंवा 1234 असे होते. ब्राझीलमध्ये २०१९मध्ये तेव्हाचे न्यायमंत्री सर्जिओ मोरो आणि इतर अधिकाऱ्यांची टेलिग्राम खाती अशीच फोडली गेली. लाइन व्यग्र ठेवली, कोड सांगणारा कॉल पेटीत गेला, आणि पेटी खोट्या नंबरच्या आधारे उघडली.

हा मार्ग बंद करायला पिनच्या जोडीला एक काम करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings, मग Account, मग Two-step verification चालू करा आणि तिथे वेगळा पिन ठेवा. मग पेटीतून कोड चोरला तरी खातं उघडत नाही. आपल्यातले बरेच जण अमेरिकेत आल्यावरही व्हॉट्सअ‍ॅप भारतातल्या नंबरवरच ठेवतात. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपला इथल्या पेटीचा धोका पोचत नाही, पण इथली बँक आणि ईमेल खातं मात्र इथल्याच नंबरला जोडलेलं असतं. बँकेच्या खात्यात कोड फोनने घेण्याऐवजी कोड तयार करणारं अ‍ॅप वापरायची सोय असेल तर ती घ्या.

आधीच कुणी ऐकलं असेल तर

कुणी पेटी उघडली याची यादी कंपनी तुम्हाला फोनवर दाखवत नाही. खुणा मात्र असतात. फोन करून पेटी उघडल्यावर, तुम्ही कधीच न ऐकलेला निरोप नवा म्हणून न येता जुन्या, जपून ठेवलेल्या निरोपांत निघणं ही पहिली. स्वागताचा आवाज बदललेला असणं ही दुसरी. तिसरी म्हणजे समोरचा म्हणतो "मी निरोप ठेवला होता" आणि तुमच्याकडे तो नाहीच. यातलं एखादं दिसलं तर पिन लगेच बदला आणि कंपनीला फोन करून पेटीवर बाहेरून आलेल्या कॉलची चौकशी करायला सांगा. निरोपांमधून काय काय कळलं असेल याची यादी करा आणि ज्यांचे ते निरोप, त्यांना कळवा. भाचीने त्याच संध्याकाळी अपार्टमेंटच्या ऑफिसला ईमेल करून चावीच्या पेटीचा कोड बदलून घेतला.

जुने निरोप साठवून ठेवायची सवयही सोडा. आयफोनवर निरोप काढून टाकला की तो आधी Deleted Messages मध्ये जातो. तिथे जाऊन Clear All दाबलं की मगच तो जातो. दवाखान्याचा, बँकेचा निरोप ऐकला, वहीत टिपला, की दोन्हीकडून काढून टाका.

आणि पेटी नकोच असेल, कारण तुमचे सगळे लोक मेसेजच करतात, तर कंपनीला सांगून ती सेवाच बंद करून घेता येते. बंद झाली का हे बघायला पुन्हा तोच उपाय : आपला फोन एअरप्लेन मोडवर, दुसऱ्या फोनवरून कॉल, आणि स्वागताचा आवाज येतोय का ते ऐकायचं.